पहिल्या सेकंदाचा हिशेब

वडखळची जमीन सपाट. धरमतरच्या खाडीलगतची खारी शेतं, महामार्ग, नाका, अलिबागकडे वळणारा रस्ता. रोजच्या जाण्यायेण्यात चढ म्हणून लागत नाही. इथला पन्नाशीचा माणूस बाजारात जातो, बांधावरून चालतो, ट्रकच्या केबिनमध्ये चढतो-उतरतो आणि त्याला दम लागल्याचं आठवत नाही. मग चैत्रात घरची मंडळी कार्ल्याला एकविरा आईच्या दर्शनाला निघतात. अर्ध्या पायऱ्यांवर त्याला थांबावं लागतं. बरोबरीच्या वयाचा मेहुणा तोवर वर पोचलेला असतो. ‘वय झालं आता’ म्हणत तो कठड्याला टेकतो, जरा वेळाने पुन्हा चालू लागतो आणि घरी आल्यावर सगळं विसरून जातो.

हा माणूस वीस-पंचवीस वर्षं विड्या किंवा सिगारेट ओढणारा असेल, तर त्या पायरीवर त्याला वयानेच थांबवलं असं धरून चालता येत नाही. तिथे सीओपीडी पहिल्यांदा दिसलेला असू शकतो. श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणं आणि फुप्फुसातले वायुकोश झिजत जाणं, हे दोन्ही मिळून हा आजार होतो. भारतात २०१६ साली त्याचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज काढला गेला. मला मात्र त्या आकड्याहून जास्त थक्क करते ती त्याची लपण्याची ताकद. फुप्फुसाचा केवढा तरी भाग हातचा गेलेला असतो आणि माणसाला पत्ता नसतो. हे घडतं तरी कसं?

आधी शिल्लक पाहू. शांत बसलेला माणूस एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यालाच छाती भरून श्वास घ्यायला आणि सगळा बाहेर सोडायला सांगितलं, तर तीन-साडेतीन लिटर हवा निघते. म्हणजे बसून चहा पिताना, गप्पा मारताना, सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना आपण फुप्फुसाचा एक लहानसा हिस्साच वापरत असतो. बाकीचा पडून असतो चढासाठी, धावण्यासाठी, डोक्यावरच्या ओझ्यासाठी. तो राखीव साठा झिजत गेला तरी रोजचं काही अडत नाही. सपाट गावात तर मुळीच नाही.

पण साठा हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं उत्तर नळ्यांच्या रचनेत आहे, आणि ते जास्त नवलाचं आहे.

मुख्य श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. असं सुमारे तेवीस वेळा होतं. दोनाची दुप्पट तेवीस वेळा करत गेलात तर आकडा ऐंशी लाखांच्या पुढे जातो! या फाट्यांच्या टोकांशी वायुकोश असतात, दोन्ही फुप्फुसांत मिळून जवळपास पन्नास कोटी. त्यांच्या भिंती उलगडून पसरता आल्या तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील, म्हणजे एका बऱ्यापैकी मोठ्या फ्लॅटची अख्खी जमीन. एवढं सगळं बरगड्यांच्या पिंजऱ्यात मावतं आणि दिवसभर न थांबता उघडतं-मिटतं.

आता एक प्रश्न. यातल्या सर्वांत बारीक नळ्या, दोन मिलिमीटरहून कमी रुंदीच्या, हवेला सर्वांत जास्त अडवत असणार, नाही का? नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून वाहण्याला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट नाही, सोळापट होतो. एका नळीपुरतं हे खरंच आहे. पण बारीक नळ्या हजारोंनी आहेत आणि त्या शेजारी शेजारी चालतात. हवेला एक वाट बंद मिळाली तर दुसऱ्या कितीतरी खुल्या असतात. त्यामुळे निरोगी फुप्फुसात एकूण विरोधातला फारच थोडा वाटा या बारीक नळ्यांचा असतो. गंमत अशी की आजार नेमका इथूनच सुरू होतो. १९६८ साली हॉग, मॅकलम आणि थर्लबेक या संशोधकांनी मृत रुग्णांच्या फुप्फुसांवर मोजमाप करून दाखवलं की सीओपीडीत हवा अडते ती या बारीक नळ्यांत. दोन वर्षांनी जेरे मीड यांनी या भागाला फुप्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हटलं. तिथे पुष्कळ नळ्या बुजल्या तरी ना छातीत काही जाणवतं, ना साध्या तपासणीत काही उमटतं.

किती नळ्या? २०१८ मध्ये सूक्ष्म स्कॅनने फुप्फुसाचे नमुने तपासून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा आजार सौम्य किंवा मध्यम टप्प्यात होता त्यांच्यातही सर्वांत टोकाच्या श्वासनलिकांपैकी सुमारे चाळीस टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. अरुंद झालेल्या नव्हेत, नाहीशा. ज्याला आपण सुरुवात म्हणतो तिथे पोचेपर्यंत इतकं होऊन गेलेलं असतं.

धूर हे कसं करतो? तो आत गेला की फुप्फुसातल्या पहारेकरी पेशी जाग्या होतात आणि आणखी पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. जंतू मारण्यासाठी या पेशींजवळ प्रथिनं विरघळवणारी रसायनं असतात. त्यांनी आपल्याच फुप्फुसाच्या भिंती खाऊ नयेत म्हणून यकृत एक संरक्षक प्रथिन तयार करून रक्तात सोडत असतं. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना असे रुग्ण सापडले ज्यांच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच जवळजवळ नव्हतं, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची फुप्फुसं तरुणपणीच झिजलेली होती. त्या शोधाने सगळ्या गोष्टीचा धागा हाती दिला. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रथिन असतं, पण रोजच्या धुरामुळे हल्लाही सतत चालू राहतो आणि बचावही दुबळा पडतो. एक विडी, थोडी झीज. दुसरी विडी, आणखी थोडी.

विडीबद्दल इथे थांबून सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे तिला सिगारेटपेक्षा हलकी समजणारे पुष्कळ आहेत. विडी दिसायला छोटी, तंबाखूही तिच्यात थोडी. पण तंबाखूभोवती गुंडाळलेलं तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं आणि ते सारखं विझू पाहतं. ती पेटती ठेवायला जास्त वेळा आणि जोराने झुरका घ्यावा लागतो, म्हणून धूर खोल जातो. याचा पडताळा मुंबईतच मिळाला. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१पासून मुंबईच्या मतदारयाद्यांवरून पस्तिशीच्या पुढच्या जवळपास दीड लाख माणसांची नोंद केली आणि पुढे किती वर्षं कोण जगलं याचा माग ठेवला. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं मरणाचं प्रमाण सुमारे सदतीस टक्क्यांनी जास्त निघालं आणि विडी ओढणाऱ्यांचं सुमारे चौसष्ट टक्क्यांनी.

भिंती झिजल्या की आणखी एक नुकसान होतं, आणि या आजाराची खरी यंत्रणा कळते ती इथे. बारीक श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. मग त्या उघड्या कशा राहतात? मंडपाचं कापड जसं चारी बाजूंच्या ताणलेल्या दोरांनी उभं राहतं, तशी प्रत्येक बारीक नळी भोवतालच्या वायुकोशांच्या लवचीक भिंतींनी सगळीकडून ओढून धरलेली असते. भिंती गेल्या की दोर तुटले. श्वास आत घेताना छाती फुगते, ताण येतो, नळी कशीबशी उघडते. पण जोराने बाहेर सोडताना छातीचा दाब बाहेरून पडतो आणि ढिली पडलेली नळी मिटते. हवा आत येते, बाहेर जाताना अडकते.

म्हणून या आजारात माणूस म्हणतो ‘श्वास आत जात नाही,’ आणि ते त्याला अगदी खरं वाटत असतं. प्रत्यक्षात आधीचा श्वास बाहेर गेलेला नसतो, म्हणून नव्याला जागा नसते. भराभर चालताना दोन श्वासांमधला वेळ कमी होतो, अडकलेली हवा साठत जाते, छाती फुगलेलीच राहते. काही रुग्ण ओठांचा चंबू करून हळू फुंकर घातल्यासारखा श्वास सोडू लागतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ओठ अरुंद केल्याने नळ्यांच्या आत थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. शरीराने स्वतःच शोधलेली युक्ती!

मग सुरुवातीला ओळखायचं कशावरून? सकाळचा खोकला हे पहिलं. उठल्यावर ढास लागते, बेडका पडतो, मग दिवसभर बरं असतं. ‘विडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच’ असं घरोघरी म्हणतात आणि तिथेच तो सुटतो. दुसरं, सर्दी झाली की ती छातीत उतरते आणि घरात इतरांची चार दिवसांत गेली तरी याची तीन आठवडे राहते. आणि तिसरं सर्वांत फसवं आहे. माणूस नकळत आपल्या सवयी बदलतो. बाजाराची पिशवी मुलाकडे देतो, एका मजल्यासाठी लिफ्टची वाट पाहतो, चालताना मध्येच कुणाशी तरी बोलायला थांबतो. दम लागत नाही, कारण दम लागेल असं तो काही करतच नाही. म्हणून ‘दम लागतो का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येतं. डॉक्टरांचा नेमका प्रश्न वेगळा असतो: सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? पाच वर्षांपूर्वी जे सहज करायचात त्यातलं काय सोडलंत?

बेडक्यात रक्त, उतरत जाणारं वजन, संध्याकाळचा बारीक ताप यांपैकी काही असेल तर वाट न पाहता बेडक्याची तपासणी आणि छातीचा फोटो करून घ्यावा, कारण क्षय आणि कर्करोगही खोकल्यानेच सुरू होतात. पण छातीचा फोटो स्वच्छ आला म्हणून सीओपीडी नाही असं ठरत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात फोटो बहुधा साफच असतो. मूक प्रदेश फोटोतही गप्प राहतो.

त्याला बोलतं करणारं यंत्र मात्र आहे, आणि ते निघालं १८४६ साली. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी पाण्यावर तरंगणारं उलटं भांडं बसवून सुटलेला श्वास मोजणारं यंत्र केलं, तोच स्पायरोमीटर. मग त्यांनी दोन हजारांहून जास्त माणसांना त्यात फुंकायला लावलं. खलाशी, पोलीस, पहिलवान, कंगाल, बुटके, राक्षसी उंचीचे, मिळेल तो! उंची वाढते तशी श्वासाची क्षमता वाढते हे त्यांनीच दाखवलं. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून निसटली. किती हवा निघते हे त्यांनी मोजलं, किती वेगाने निघते हे नाही. ती भर घालायला शंभर वर्षं गेली. १९४७ साली पॅरिसमध्ये रॉबेर तिफनो यांनी घड्याळ जोडलं आणि विचारलं: पहिल्या एका सेकंदात किती?

या एका सेकंदावर आजवरचं सगळं निदान उभं आहे. निरोगी माणूस जोराने फुंकतो तेव्हा छातीतल्या हवेचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग पहिल्या सेकंदातच निघून जातो. उरलेली पुढच्या काही सेकंदांत. ज्याच्या बारीक नळ्या मिटतात त्याची हवा मात्र निघतच राहते, दहा सेकंद, बारा सेकंद, चेहरा लाल होईपर्यंत. एकूण हवा जवळपास तितकीच असू शकते. हचिन्सनच्या भांड्यात तो धडधाकट ठरला असता. घड्याळाने तो पकडला.

वडखळहून ही तपासणी करायची तर पेण, अलिबाग किंवा पनवेलच्या छातीच्या डॉक्टरांकडे जाता येतं. यंत्र कुठे आहे आणि कुठल्या वेळी तपासतात हे आधी फोन करून विचारलेलं बरं. कागदावर तिला ‘पीएफटी’ किंवा ‘स्पायरोमेट्री’ लिहितात. निदान तासभर आधी विडी नको, पोट गच्च भरलेलं नको, छाती-पोट आवळणारे कपडे नकोत. दम्याचा पंप चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टर सांगतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर ते आधी सांगायचं, कारण जोराने फुंकताना दाब चढतो.

खुर्चीत ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी. छाती गच्च भरून श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि मग एकदम जोरात सोडा. तपासणारी व्यक्ती मोठ्याने ओरडत असते, ‘जोरात, जोरात, अजून, अजून, थांबू नका!’ तो आरडाओरडा तपासणीचा भागच आहे. असं निदान तीनदा करायचं आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकरींतला फरक दीडशे मिलिलिटरच्या आत हवा. मग पंपातून सॅल्ब्युटामॉल देतात, पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि सगळं पुन्हा. का? दम्यात नळ्या आवळलेल्या असतात, औषधाने त्या बऱ्याच मोकळ्या होऊ शकतात. सीओपीडीत औषधानंतरही अडथळा उरतो. निदान या दुसऱ्या फेरीच्या आकड्यांवरच करायचं असतं.

इथे होणारी सर्वांत मोठी चूक प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. माणूस तीन सेकंदांत फुंकणं थांबवतो. मग एकूण हवेचा आकडा खोटा लहान येतो, पहिल्या सेकंदाचा वाटा खोटा मोठा दिसतो आणि आजार कागदावरून गायब होतो. हे ओळखायचं आलेखावरून. फुंकरीची रेषा शेवटी आडवी झालेली दिसली पाहिजे. ती चढत असतानाच तुटली असेल तर फुंकर अर्धवट आहे. सुरुवातीला खोकला आला, ओठांतून हवा सुटली, फुंकताना मन कचरलं, तरीही आकडे बिघडतात. चांगली तपासणी करणारी व्यक्ती अशी फुंकर बाद करते आणि पुन्हा करायला लावते. तिचा राग मानू नये.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा नाक्याजवळ राहणारे एक काका आहेत. वय ५०, उंची १६५ सेंटिमीटर, पंचवीस वर्षं दिवसाला एक बंडल विड्या. औषधानंतर त्यांच्या पहिल्या सेकंदात १.८५ लिटर हवा निघाली आणि एकूण ३.१ लिटर. १.८५ भागिले ३.१, म्हणजे जवळपास ०.६०. सीमारेषा ०.७०ची मानतात; त्याखाली म्हणजे अडथळा आहे. या भागाकाराची खुबी अशी की माणूस उंच असो वा बुटका, त्याची तुलना स्वतःच्याच छातीशी होते. रेषेच्या अगदी जवळचा आकडा आला, तर एका तपासणीवर शिक्का न मारता काही दिवसांनी पुन्हा पाहणं शहाणपणाचं. शिवाय म्हातारपणी हा भागाकार आपोआप थोडा उतरतो, तेही ध्यानात ठेवावं लागतं.

अडथळा आहे हे ठरलं; किती, ते दुसरा आकडा सांगतो. काकांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी भारतीय माणसाकडून पहिल्या सेकंदात साधारण २.८ लिटरची अपेक्षा धरू. १.८५ म्हणजे त्याच्या ६६ टक्के. पन्नास ते ऐंशी टक्क्यांमध्ये आजार मध्यम मानतात. त्या यंत्रात युरोपीय माणसांचं प्रमाण भरलेलं असेल तर काका आहेत त्याहून जास्त आजारी दिसतील, कारण तितक्याच उंचीच्या भारतीयांची फुप्फुसं सरासरीने लहान असतात. म्हणून कागदावर अपेक्षित आकडा कुठल्या प्रमाणाने काढला हे पाहून घ्यावं.

आणि आता तो प्रश्न, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. विडी सोडली तर यातलं काय परत मिळतं?

१९६१पासून आठ वर्षं चार्ल्स फ्लेचर यांनी पश्चिम लंडनमधल्या ७९२ नोकरदार पुरुषांना सहा-सहा महिन्यांनी फुंकायला लावलं. (हेच ते फ्लेचर, ज्यांनी १९४१मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनच्या पहिल्या रुग्णाला सुई टोचली होती.) रिचर्ड पेटो यांच्यासह त्यांनी १९७७ साली निष्कर्ष मांडले. पंचविशीनंतर प्रत्येकाचीच पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला थोडी थोडी कमी होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींची ती निरोग्यांसारखीच हळू उतरते, पण काहींची फार वेगाने. आणि सोडलं, तर गेलेलं परत येत नाही, पण उताराचा वेग बदलतो.

वेग किती बदलतो? याचा पुरावा अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या प्रयोगातून आला. १९८६पासून सुरुवातीचा अडथळा असलेल्या ५,८८७ सिगारेट ओढणाऱ्यांना त्यात घेतलं. अकरा वर्षांनी पाहिलं, तेव्हा ओढत राहिलेल्या पुरुषांची हवा वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटरने घटली होती, सोडून दिलेल्यांची ३० मिलिलिटरने. तीस म्हणजे जवळपास निरोगी माणसाचं वयोमानाने होणारं नुकसान! सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी तर आकडा थोडा वर गेला, सरासरी ४७ मिलिलिटरने, कारण सूज आणि कफ कमी झाला. बायकांमध्ये हा फायदा पुरुषांपेक्षा जास्त दिसला.

काकांचा हिशेब पुढे नेऊ. आकडे सिगारेटचे आहेत, पण मोजपट्टी म्हणून चालतील. काका ओढत राहिले तर पंधरा वर्षांत सुमारे एक लिटर जाईल. पासष्टाव्या वर्षी उरेल ०.८६ लिटर, त्या वयाच्या अपेक्षेच्या सदतीस टक्क्यांच्या आसपास. तो तीव्र आजार. अंघोळ करताना, कपडे घालताना दम लागण्याच्या वाटेवरचा. आज सोडली, तर पहिल्या वर्षीची किंचित वाढ आणि पुढची घट धरून पासष्टाव्या वर्षी जवळपास १.४८ लिटर उरेल. अपेक्षेच्या त्रेसष्ट टक्के. आज ते सहासष्टवर आहेत. म्हणजे पंधरा वर्षांनीही ते जवळजवळ त्याच मध्यम टप्प्यात असतील. दोन्ही काकांत फरक सहाशे मिलिलिटरचा, शांत बसलेल्या माणसाच्या एका श्वासाहून थोडा जास्त. पण साठा आधीच संपत आलेला असताना तेवढ्यावरच सगळं ठरतं.

हे सरासरीचे आकडे आहेत. सोडल्यावरही काहींच्या नळ्यांतली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते आणि घट निरोग्याइतकी मंद होत नाही. तुटलेल्या भिंती पुन्हा बांधल्या जात नाहीत. पंप दम हलका करतो, पण त्याच प्रयोगात श्वासनलिका रुंदावणारा एक पंप दिलेल्यांच्या घटीचा वेग त्याने बदलला नाही. बदलला तो धूर थांबल्याने.

मग कमी केली तर? बंडलावरून पाचवर आणली तर? हे मला या सगळ्यातलं सर्वांत अनपेक्षित वाटतं. २०२० साली पंचवीस हजारांवर अमेरिकी माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिलं, तेव्हा दिवसाला पाचापेक्षा कमी सिगारेट ओढणाऱ्यांचं जादा नुकसान, दिवसाला तीस किंवा जास्त ओढणाऱ्यांच्या नुकसानाच्या साधारण दोन तृतीयांश भरलं. सहापट कमी धूर, पण नुकसान मात्र एवढंच कमी. थांबण्याला पर्याय निघाला नाही.

आणि थांबणं किती अवघड आहे, तेही त्याच ५,८८७ जणांनी दाखवलं. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी पाच वर्षं सलग सोडून राहिले फक्त पाच टक्के. गटाने बारा बैठका आणि निकोटिनचं च्युइंगम मिळालेल्यांपैकी बावीस टक्के. चौपट, तरीही पाचांतला एकच. मनाचा निर्धार कमी पडतो असं नव्हे. निकोटिन मेंदूची मागणी बदलून टाकतं आणि तिला औषधानेही उत्तर द्यावं लागतं. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६.

२००८ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला. ५६१ जणांना फुंकायला लावलं. अर्ध्यांना निकाल आकड्यांत सांगितला, अर्ध्यांना ‘फुप्फुसाचं वय’ म्हणून: तुम्ही बावन्न वर्षांचे, तुमचं फुप्फुस पंचाहत्तरीतल्या निरोगी माणसाचं. वर्षभराने पहिल्या गटात साडेसहा टक्क्यांच्या आसपास लोकांनी धूम्रपान सोडलं होतं, दुसऱ्यात साडेतेरा टक्क्यांच्या. माहिती तीच, फक्त सांगण्याची तऱ्हा बदलली. तेव्हा कागद हातात आला की डॉक्टरांना हेही विचारावं.

तो कागद जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षी शक्य तर त्याच यंत्रावर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा फुंकावं. पण एका वर्षाच्या फरकावरून आनंद किंवा घाबरगुंडी नको. लागोपाठच्या दोन फुंकरींतच दीडशे मिलिलिटरचा फरक चालतो, आणि वर्षाची घट तीस की सहासष्ट हे त्याच्या आतच हरवतं. उताराची खरी रेषा दिसायला तीन-चार वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात.